बियाणं उगवलं नाही म्हणून चिडून आलेला शेतकरी आणि काउंटरवरचा नवीन पोरगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरकडच्या एका तालुक्याच्या गावात मोंढ्याला लागून माझं कृषी सेवा केंद्र आहे, बावीस वर्षं झाली. दरवर्षी नाहीतर वर्षाआड कामाला नवीन पोरगं येतं, बारावी झालेलं, हिशोबाला चपळ, पण जूनमध्ये पहिला चिडलेला शेतकरी काउंटरवर मूठ आपटतो तेव्हा त्याचं तोंड उतरतं नाहीतर उलट तेच भांडायला उठतं. ओळखीचे दुकानदार फोन करून हेच विचारतात की तुमची पोरं शांत कशी राहतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. तक्रारी शंभर प्रकारच्या असतात पण मी मुख्य करून सोयाबीन न उगवल्याचीच धरलीय, कारण ती जमली की बाकीच्या सोप्या जातात.

नवीन पोराला हे शिकवायचं कधी? सीझनमध्ये तर श्वास घ्यायला वेळ नसतो

मे महिन्यात. मृग निघाल्यावर शिकवायला जाल तर कुणीच शिकत नाही. मी १५ मेच्या आसपास सुरू करतो, रात्री शटर अर्धं ओढल्यावर रोज दहा मिनिटं, आठ-दहा दिवस. पहिले दोन दिवस नुसती बॅग आणि टॅग वाचायला लावतो. निळा टॅग म्हणजे प्रमाणित बियाणं, हिरवा टॅग म्हणजे सत्यप्रत, लॉट नंबर कुठं असतो, उगवणशक्ती तपासल्याची तारीख कुठं असते, सोयाबीनला कमीत कमी ७० टक्के उगवण लागते हे सगळं. आता कुणी म्हणेल भांडण मिटवायला टॅग कशाला, तर ज्या पोराला लॉट नंबर सापडत नाही ते शेतकऱ्यासमोर बॅग उलटीपालटी करत बसतं आणि समोरच्याला वाटतं की हे काहीतरी लपवायलंय. घाबरण्याचं अर्धं कारण माहिती नसणं हेच असतं.

तिसऱ्या दिवसापासून मी शेतकरी होतो आणि पोरगं काउंटरला. मी खरंच ओरडतो, बॅग आपटतो, "फसवायला बसलात का रे इथं" म्हणतो. पहिल्या दिवशी पोरं हसतात, हसू द्यायचं. चौथ्या दिवशी हसत नाहीत.

चिडलेला माणूस दुकानात शिरला, पहिल्या दोन मिनिटांत पोरानं नेमकं काय करायचं?

हातातलं काम खाली ठेवायचं. मोबाईल, बिलबुक, कॅल्क्युलेटर सगळं. उठून उभं राहायचं. आणि त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मधी बोलायचं नाही, नुसतं "हो मामा", "बरं", "सांगा" एवढंच. हे ऐकायला सोपं वाटतं पण नवीन पोराला सगळ्यात अवघड हेच जातं, कारण त्याला वाटतं की गप्प बसलो म्हणजे चूक कबूल केली. त्याला नीट समजावून सांगा की ऐकणं म्हणजे कबुली नाही.

मी घड्याळ लावून बघितलंय, कुणी मधी तोंड घातलं नाही तर माणूस दीड-दोन मिनिटांच्या वर सलग ओरडू शकत नाही, दम लागतो, तेच तेच बोलणं सुरू होतं. तेच बोलणं दुसऱ्यांदा आलं की ती खूण. तेव्हा पाण्याचा तांब्या पुढं करायचा आणि स्टूल सरकवायचं. ती खूण यायच्या आधीच पाणी पुढं केलं तर "पाणी नको पाजू मला" असं होतं, माझ्यासमोर झालंय, म्हणून पाणी नंतर.

आणखी एक, दुकानात दुसरी गिऱ्हाइकं असतील तर चिडलेल्याला घाईनं मागच्या खोलीत न्यायचं नाही. त्याला वाटतं चारचौघात बोलू देत नाहीत. काउंटरच्या कडेला स्टूल टाका, तिथंच बसवा.

बोलायचं काय? आणि कोणती वाक्यं तोंडातून निघूच नयेत?

माझ्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी, एक पुठ्ठा चिकटवलाय. त्यावर ही वाक्यं आहेत, पोरांनी पाठ करायची आणि मग आपल्या बोलीत म्हणायची, पोपटासारखी नाही.

"मामा, किती रान पेरलं होतं तुमचं?" हे पहिलं वाक्य. काय झालं, कसं झालं विचारायच्या आधी रान किती ते विचारायचं. कारण माणूस ज्या गोष्टीनं चिडलाय ती बॅग नाही, ते रान आहे. दोन एकर मोकळं पडलंय, परत तिफण धरायची, परत मजूर, परत बियाणं, आणि मधी आठ दिवस गेले ते गेलेच. रान विचारलं की त्याला कळतं ह्याला माझं नुकसान दिसतंय.

"दुबार पेरणीची वेळ आली म्हणजे लई वाईट झालं, मी सगळं लिहून घेतो, तुम्ही सांगत जा."

"हे ठरवायचा अधिकार मला नाही, पण मालकांना आत्ता तुमच्यासमोर फोन लावतो."

"आज संध्याकाळी सातपर्यंत तुम्हाला फोन येईल, तुमचा चालू नंबर सांगा." वेळ सांगायची, "बघतो" म्हणायचं नाही. आमच्याकडं "बघू" म्हणजे नाही, हे लेकरालाही माहीत आहे.

आता न म्हणायची. "शांत व्हा", ह्यानं आजपर्यंत कुणी शांत झालेलं मी बघितलं नाही. "बाकी कुणाचीच तक्रार नाही", म्हणजे तुम्ही एकटेच खोटं बोलायलात असा अर्थ होतो. "आम्ही काय घरी बनवतो का बियाणं, कंपनीला विचारा", हे खरं असलं तरी त्यानं पैसे कंपनीला दिले नाहीत, तुमच्या गल्ल्यात दिलेत. आणि सगळ्यात वाईट, "खोल पेरलं असेल". ह्या एका वाक्यानं माझ्या दुकानात काय झालं ते खाली सांगतो.

एखादा घडलेला प्रसंग सांगा, म्हणजे पोराला पटेल

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनचा तिसरा आठवडा, संध्याकाळचे सहा. औसा रोडकडच्या एका खेड्यातले साठीचे मामा आले, हातात रिकामी बॅग. पोरगं कामाला लागून पंधरा दिवस झालेले. मी बँकेत गेलो होतो.

मामा म्हणाले, "दोन बॅगा नेल्या, सात दिवस झाले, रान निस्तं काळं दिसायलंय." पोरानं मान वर न करता म्हटलं, "खोल पेरलं असेल." मामा म्हणाले, "मी चाळीस वर्षं पेरायलोय, तू मला शिकवतो का?" पोरगं म्हणालं, "मग पाऊस कमी झाला असेल, बॅगवर लिहिलंय ना ७५ मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका म्हणून." झालं. मामांनी बॅग त्याच्या अंगावर फेकली, शेजारच्या दुकानातली माणसं आली, दोघं-तिघं मामांच्या बाजूनं बोलायला लागले, आणि मी आलो तेव्हा दुकानासमोर तीस माणसं. मिटवायला रात्रीचे दहा वाजले आणि ते घर आमच्या दुकानातून तुटलं ते तुटलंच, भावबंद पण गेले.

पोराचं बोलणं चूक होतं का? माहितीच्या हिशोबानं नाही. सोयाबीन तीन-चार सेंटीमीटरच्या खाली गेलं तर उगवायला अवघड जातं, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खाली गेल्याशिवाय पेरू नये हे विद्यापीठ पण सांगतं. पण त्यानं रान बघितलं नव्हतं. न बघता निकाल दिला, तो पण साठ वर्षांच्या माणसाला.

पुढच्या मे महिन्यात मी हाच प्रसंग त्याच पोराकडून दहा वेळा करून घेतला, मी मामा झालो. दहाव्या वेळी तो असा झाला:

"दोन बॅगा नेल्या, रान निस्तं काळं दिसायलंय, फसवलं तुम्ही!"
"सांगा मामा."
(मी दोन मिनिटं ओरडलो.)
"किती रान पेरलं मामा?"
"दोन एकर."
"दोन एकर म्हणजे लई झालं. पेरून किती दिवस झाले?"
"सात."
"बसा, पाणी घ्या. मी वहीत लिहून घेतो, मग मालकांना फोन लावतो तुमच्यासमोर. बॅग आणि टॅग आणलाय का? टॅग माझ्याकडं देऊ नका, तुमच्याकडंच ठेवा, मला फोटो काढू द्या."

त्या शेवटच्या वाक्यावर मी मामा म्हणून खेळत असूनही माझा आवाज आपोआप खाली आला.

टॅग आणि पावती परत का द्यायची? आपल्याकडं ठेवली तर बरं ना

अजिबात नाही. बिल, टॅग, रिकामी बॅग आणि थोडं उरलेलं बी असेल तर ते, हा शेतकऱ्याचा पुरावा आहे. तुमच्या पोरानं "ठेवून जा, बघतो" म्हटलं आणि ती बॅग कोपऱ्यातल्या ढिगात गेली की पुढचं भांडण तुम्हीच तयार केलं. फोटो काढायचा, टॅग आणि बिल दोन्हीचा, लॉट नंबर वाचता येईल असा, आणि वस्तू त्याच्या हातात परत द्यायच्या. वाक्य हे: "मामा हे सांभाळून ठेवा, पंचायत समितीत अर्ज करायचा झाला तर लागेल."

हो, अर्जाचं पोरानं स्वतःहून सांगायचं. काही दुकानदारांना हे पटत नाही, त्यांना वाटतं आपणच आपल्या पायावर धोंडा पाडायलोत. पण बियाण्याच्या तक्रारीला तालुका पातळीवर तक्रार निवारण समिती असते, पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज गेला की समिती रानात येऊन पंचनामा करते, हे शेतकऱ्याला आज ना उद्या कळतंच. तुमच्या दुकानातून कळलं तर तुमच्यावर विश्वास बसतो, दुसरीकडून कळलं तर "दुकानदारानं लपवलं" होतं. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या की हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. त्या वर्षी ज्या दुकानांनी अर्ज लिहायला मदत केली तिथं गर्दी झाली पण दगड पडले नाहीत, आमच्या मोंढ्यात तरी असंच होतं.

वहीत काय काय लिहायचं?

शंभर पानी साधी वही, वरती "तक्रार वही" लिहिलेली आणि गिऱ्हाइकाला दिसेल अशी. नाव, गाव, मोबाईल, बिलाची तारीख, वाण, लॉट नंबर, किती बॅगा, पेरणीची तारीख, पेरलेलं रान, पेरायच्या आधी आणि नंतर पाऊस कधी झाला, बीजप्रक्रिया केली का, तिफणीनं पेरलं का ट्रॅक्टरनं. शेवटी त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दात दोन ओळी. लिहून झालं की वाचून दाखवायचं: "मामा, मी असं लिहिलंय, बरोबर आहे का?" आणि सही.

हे वाचून दाखवणं सोडू नका. माणसाला आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून नीट ऐकू आलं की त्याला परत ओरडून सांगायची गरज राहत नाही. आणि लॉटचं रजिस्टर तर तसंही आपल्याला तीन वर्षं ठेवावंच लागतं, त्यामुळं एकाच लॉटच्या तीन-चार तक्रारी आल्या की वहीवरून लगेच दिसतं आणि कंपनीच्या माणसाला पुराव्यानिशी बोलवता येतं.

प्रश्न विचारताना क्रम सांभाळायचा. पाऊस, खोली, बीजप्रक्रिया हे प्रश्न शेवटी, आणि विचारायच्या आधी सांगायचं: "हे सगळ्यांनाच विचारतो, समितीवाले पण विचारतील म्हणून लिहून ठेवतो." नाहीतर तेच प्रश्न आरोपासारखे लागतात.

पण चूक खरोखर शेतकऱ्याचीच असेल तर? किती दिवस गोड बोलायचं?

गोड बोलायचं नाहीये, रान बघेपर्यंत थांबायचंय. हे काम नवीन पोराचं नाही, मालकाचं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढतो, आणि पोराला सोबत नेतो कारण त्यानं एकदा उकरून बघितलं की त्याच्या डोक्यातलं "खोल पेरलं असेल" आपोआप जातं.

रानात काय बघायचं ते थोडक्यात सांगतो. एकरी ३० किलो बी, काकरी पंचेचाळीस सेंटीमीटरची, आणि शंभर दाण्याचं वजन १२ ग्रॅम धरलं तर एक मीटर तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, साधारण सत्तावीस-अठ्ठावीस दाणे पडतात. त्यातले ७० टक्के म्हणजे एकोणीस-वीस रोपं दिसली पाहिजेत. पाच-सहा ठिकाणी मीटर टेप टाकून मोजायचं. मग जिथं रोप नाही तिथं खुरप्यानं उकरायचं. दाणा कोरडा, कडक, जसाच्या तसा सापडला तर ओल पुरली नाही. कोंब फुटून वर येता येता वाकडा होऊन अडकलेला दिसला तर पाऊस झोडपून रान आवळलंय, वर पापडी धरलीय नाहीतर बी खोल गेलंय. एखादंच तास आडवं रिकामं गेलं असेल आणि शेजारचं भरलेलं असेल तर तिफणीची नळी तुंबली होती. आणि ओल चांगली, खोली बरोबर, सगळ्या रानात सारखीच विरळ उगवण, उकरल्यावर दाणे मऊ, कुजलेले, तर शंका बियाण्यावर जाते. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, बॅगा आपटल्या, एकावर एक जास्त थर लावले तरी उगवण मार खाते, म्हणजे चूक गोडाऊनमध्ये माझीही असू शकते. त्याच लॉटचं थोडं बी दुकानात शिल्लक असेल तर मी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि शेतकऱ्यालाच मोजायला बोलावतो.

हे सगळं झाल्यावर चूक पेरणीतली निघाली तरी पोरानं बोलायचं वाक्य असं: "मामा, आपण दोघांनी मिळून उकरलं, दाणा कोरडाच निघाला, ओल खाली पोचली नव्हती." "तुम्ही घाई केली" असं नाही. तो समजून घेतो, त्यानं स्वतः बघितलेलं असतं.

"आत्ताच्या आत्ता दोन बॅगा बदलून द्या" म्हणून हटून बसला तर?

पोरानं होय म्हणायचं नाही आणि नाही पण म्हणायचं नाही. "बदलून द्यायचं का नाही हे मालक रान बघून सांगतील, उद्या सकाळी अकराच्या आत येतील, मी इथं वहीत तसं लिहितो." काही पोरं भीतीपोटी "देऊ देऊ" म्हणून मोकळी होतात आणि मग मालक नाही म्हणाला की पहिल्यापेक्षा दुप्पट भांडण. पोराला अगोदरच सांगून ठेवा त्याच्या अधिकारात काय आहे. माझ्याकडं पोराला एवढंच मोकळं आहे: वहीत लिहिणं, फोटो, मला फोन, आणि दुबार पेरणीला बी उधार न्यायचं असेल तर जुन्या खात्यावर एक बॅग. त्या एका बॅगेच्या अधिकारानं लई कामं होतात, कारण माणसाला रिकाम्या हातानं परत जावं लागत नाही.

आणि मालकांनो, सकाळी अकरा सांगितलं असेल तर अकरालाच जा. तुम्ही गेला नाहीत तर पुढच्या वेळी पोराचं कोणतंच वाक्य चालणार नाही.

मोबाईल काढून शूटिंग करायला लागला, किंवा "ग्राहक मंचात जातो" म्हणाला तर?

मोबाईलवर हात घालायचा नाही, हात आडवा पण करायचा नाही. "काढा दादा, मी तुमची तक्रार लिहून घ्यायलोय ते पण येऊ द्या त्यात." एवढंच म्हणून लिहीत राहायचं. लिहिणाऱ्या पोराचा व्हिडिओ फिरला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

ग्राहक आयोगाचं नाव काढलं तर "जा की मग" असं टोचून बोलायचं नाही. शेतकरी बियाण्याचा ग्राहक आहे हे सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्येच सांगितलंय, त्यामुळं तो काही धमकी देत नाहीये, आपला हक्क सांगतोय. पोरानं म्हणायचं, "तो तुमचा हक्कच आहे काका, त्याला पण हेच बिल आणि टॅग लागेल, सांभाळून ठेवा."

बियाण्याचं झालं, पण डीएपी संपल्यावर जी शिवीगाळ होते तिचं काय?

तिथं राग वेगळा असतो. बियाण्यात नुकसान झालेलं असतं, डीएपीत संशय असतो, की आतमध्ये माल आहे आणि हे ओळखीच्यांना द्यायलेत. संशयाला गोड शब्दाचा उपयोग नाही, त्याला दाखवावं लागतं. साठा आणि भावाचा फलक रोज सकाळी पोरानंच लिहायचा, आणि कुणी म्हटलं "आत लपवलाय" तर "या दादा, गोडाऊन बघून घ्या, मशीनवर पण शिल्लक शून्यच दाखवायलंय" म्हणून खरंच दार उघडायचं. दहातले आठ जण आत जातसुद्धा नाहीत.

मग पर्याय सांगायचा, पण तो विचारील तेव्हा. डीएपीच्या एका बॅगेत स्फुरद २३ किलो आणि नत्र ९ किलो असतं, सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगा आणि वीस किलो युरिया घेतला तर जवळपास तेवढंच बसतं, वरून सुपरमधून गंधक मिळतं जे सोयाबीनला लागतंच. आधी राग ऐकून घेऊन मग हे सांगितलं तर लोक घेतात, आल्या आल्या सांगितलं तर "मला सुपर खपवायलास का" होतं.

आणि जो दुकानदार डीएपीच्या बॅगेमागं जबरदस्तीनं दुसरी बाटली घ्यायला लावतो त्यानं पोराला शांत बोलायला शिकवू नये, त्यानं लिंकिंग बंद करावं. गिऱ्हाईक तिथं बरोबरच चिडलेलं असतं आणि त्या पोराला तुमच्या वागण्यासाठी शिव्या खायला उभं करणं मला पटत नाही.

शिवी दिली, कॉलर धरली, पिऊन आला, तर कुठंपर्यंत सहन करायचं?

शिवी एकदा निघाली तर सोडून द्यायची, रागात निघते. दुसऱ्यांदा आईबहिणीवर आला तर एकदाच, आवाज न चढवता म्हणायचं, "काका, तुमचं काम मी करायलोय, शिवी देऊ नका." परत दिली तर "मी मालकांना बोलावतो" म्हणून काउंटर सोडून आत जायचं. काउंटर सोडायची परवानगी पोराला आधीच, मोघम नाही, स्पष्ट देऊन ठेवा, नाहीतर ते गल्ल्यापायी मार खात उभं राहतं. हात उगारला तर दोन पावलं मागं, मधी काउंटर राहील असं, आणि शेजारच्या दुकानदाराला हाक. फारच झालं तर ११२. पिऊन आलेल्याशी बियाण्यावर चर्चा करायचीच नाही, "सकाळी या मामा, मी तुमचं नाव पहिलं लिहून ठेवलंय" आणि त्याच्या घरच्या कुणाचा नंबर असेल तर फोन.

बायामाणसं तक्रार घेऊन आल्या तर वेगळं काही?

एकच. मावशी, ताई म्हणा आणि "घरच्या माणसाला पाठवून द्या" असं कधीच म्हणू नका. आमच्याकडं पेरणीला मागं ओंजळीनं बी सोडणारी बाईच असते, कोणत्या तासात बी कमी पडलं ते तिलाच जास्त ठाऊक असतं. वहीत तिचंच नाव, तिचीच सही.

फोनवर ओरडणाऱ्याला काय सांगायचं?

फोनवर पाणी देता येत नाही, चेहरा दिसत नाही, म्हणून नाव लगेच घ्यायचं, "कोणत्या गावचे मामा? बरं, बोला." लिहून घेताना आवाज द्यायचा, "हां, दोन बॅगा, १४ तारखेला पेरलं, लिहिलं." आणि फोन होल्डवर टाकायचा नाही. मालक नसतील तर "दहा मिनिटांत मीच तुम्हाला लावतो" आणि नवव्या मिनिटाला लावायचा, मालक सापडले नसले तरी, "अजून लागला नाही, परत लावतोय" एवढं सांगायला.

एवढं शिकवूनही पोरगं नंतर रडतं, घरी जातो म्हणतं

रडतं. अठरा-एकोणीस वर्षांचं असतं, घरी बापानं कधी एवढं बोललेलं नसतं. असं झालं की मी त्याला तासभर काउंटरवरून काढतो, गोडाऊनमध्ये बॅगा मोजायला देतो, चहा पाजतो, आणि त्या दिवशी त्याची एकही चूक काढत नाही, जी काढायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी. गिऱ्हाइकासमोर पोराला झापून गिऱ्हाइकाला खूश करायची काही मालकांना सवय असते, ते करू नका. त्या क्षणी शेतकरी गप्प होतो पण पोरगं पुढच्या वेळी तक्रार लपवायला शिकतं आणि मग तुम्हाला ती वहीतून कळत नाही, बाजारातून कळते.

पोराला जमलं हे ओळखायचं कसं?

मी वही बघतो. ज्या पानावर शेतकऱ्याचे शब्द त्याच्याच बोलीत आलेत, "रान निस्तं काळं दिसायलंय" असे, ते पोरगं ऐकायला शिकलंय. जिथं "उगवण समाधानकारक नाही" असं लिहिलंय तिथं त्यानं अर्धंच ऐकलंय. बहुतेक पोरांना पहिला जून जातो, दुसऱ्या वर्षी जमतं. ज्या पोराच्या अंगावर मामांनी बॅग फेकली होती ते चार वर्षं माझ्याकडं राहिलं, आता त्याचं स्वतःचं छोटं दुकान आहे, आणि मागच्या मे महिन्यात त्यानं मला फोन करून विचारलं की काका तुमच्या काउंटरमागच्या पुठ्ठ्याचा फोटो पाठवता का, नवीन पोरगं ठेवलंय.